फोटोत लांबी-रुंदी दिसतेय, मग खडीच्या गाड्या किती लागतील?

दिवाळीच्या आसपास हा प्रश्न हमखास येतो. पावसात गेटपासून घरापर्यंतच्या रस्त्याची वाट लागलेली असते, मग कोणीतरी गेटवर उभं राहून मोबाइलने एक फोटो काढतं, त्यावर बोटाने लाल रेघ मारतं, उभ्या रेघेवर १२० लिहितं, आडव्या रेघेवर १० लिहितं आणि फॅमिली ग्रुपवर टाकतं, की बाबांनो किती गाड्या खडी लागेल सांगा. काका म्हणतात एक गाडी पुरे. मामा म्हणतो चार तरी लागतील. गावातला ट्रॅक्टरवाला सांगतो सतरा खेपा. गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण काकांच्या डोक्यात फक्त वरची खडी आहे, मामाने खालचं भरावाचं कामही धरलंय आणि ट्रॅक्टरवाल्याची गाडी म्हणजे त्याची ट्रॉली.

तर हाच फोटो घेऊन शेवटपर्यंत हिशोब करून बघू. जागा समजा वाईकडची, काळी माती, मुख्य रस्त्यावरून आत घरापर्यंत जाणारा कच्चा रस्ता. गणित पाचवीचं आहे. अडचण गुणाकारात नाहीये, कुठल्या आकड्याला किती भाव द्यायचा ते कळण्यात आहे.

## फोटोवरचे दोन आकडे आधी नीट वाचा

पहिलं म्हणजे १२० काय? फूट की मीटर? हसू नका, मोबाइलमधल्या मोजायच्या अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा मीटर सेट असतं आणि टेपवर दोन्ही बाजूंना वेगवेगळे आकडे असतात. एका माणसाने रुंदी मीटरमध्ये आणि लांबी फुटात लिहिली की झालं कल्याण. साधी खूण अशी की एक गाडी जाईल असा रस्ता ९ ते १२ फूट असतो, म्हणजे साधारण ३ ते साडेतीन मीटर. रुंदीला ३ लिहिलंय म्हणजे ते मीटर आहे, ३ फुटाची तर पायवाट असते. आणि १०'६" असं लिहिलेलं कोणी १०.६ म्हणून कॅल्क्युलेटरवर मारू नका, सहा इंच म्हणजे अर्धा फूट, तो आकडा १०.५ होतो.

दुसरं, रुंदी कुठली घेतलीय? फोटोत रस्ता लांब जाईल तसा निमुळता दिसतो, तो खरा निमुळता आहे की फक्त दिसतोय हे फोटोवरून कळत नाही. माणूस जिथे उभा असतो तिथेच, म्हणजे गेटजवळ टेप लावतो आणि तोच आकडा पूर्ण रस्त्याला चिकटवतो. इथे एक युक्ती चालते. रस्त्यावर कुठे गाडी उभी असेल तर त्या गाडीच्या रुंदीशी तिथल्या रस्त्याची रुंदी ताडून बघा. मारुती स्विफ्टची रुंदी १७३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण पावणेसहा फूट (आरसे सोडून). मोबाइलवर फोटो मोठा करा, गाडीची मागची दोन चाकं जिथे टेकलीत त्या ओळीत पट्टी धरा, गाडी किती आणि रस्ता किती ते मोजा. रस्ता गाडीच्या पावणेदोन पट भरला तर १० फूट बरोबर आहे. गाडी गेटजवळ असो की पार घराशी, ही युक्ती चालते, फक्त तुलना त्याच ओळीत करायची, कारण त्या ओळीत जेवढी गाडी लहान दिसते तेवढाच रस्ताही लहान दिसतो.

पण लांबीला ही युक्ती लावू नका. समोरून काढलेल्या फोटोत लांबी दाबली जाते, लांबचे साठ फूट जवळच्या दहा फुटांपेक्षा लहान दिसू शकतात. लांबी टेपनेच, किंवा निदान पावलं टाकून, आणि वळण असेल तर रस्त्याच्या मधोमध चालत. वळणाच्या आतल्या कडेने मोजली तर कमी भरते, बाहेरच्या कडेने जास्त.

तिसरं म्हणजे जे रेघेच्या बाहेर राहिलंय ते. रस्ता सरळ पट्टी कधीच नसतो. मुख्य रस्त्याला जिथे मिळतो तिथे गाडी वळायला म्हणून तोंड रुंद असतं, आणि घरापाशी गाडी लावायला जागा असते. आपल्या फोटोत बघा, रेघ पट्टीवर मारलीय, पण गेटशी पहिल्या १२ फुटांत रुंदी १८ वरून १० वर येतेय, आणि घराशी शेवटचे २० फूट रस्ता २० फूट रुंद झालाय. आता हिशोब असा:

पट्टी: १२० × १० = १२०० स्क्वेअर फूट.
तोंडाशी जास्तीचं: ८ फूट रुंदीचा अर्धा × १२ = ४८ स्क्वेअर फूट.
घराशी जास्तीचं: १० × २० = २०० स्क्वेअर फूट.

एकूण १४४८, आपण १४५० धरू. म्हणजे फोटोवरच्या रेघेपेक्षा जवळजवळ वीस टक्के जास्त जागा, आणि अजून खडीचा विषयही निघालेला नाही. म्हणून कोणी असा फोटो पाठवला तर मी आधी तीन ठिकाणची रुंदी मागतो, गेटशी, मधे आणि घराशी. लांबीवर फार वाद घालत नाही, का ते आता येतंच.

## फोटोत नसलेला तिसरा आकडा

लांबी आणि रुंदी मिळून फक्त क्षेत्रफळ मिळतं. गाडीत मात्र क्षेत्रफळ येत नाही, माल येतो, आणि मालासाठी जाडी लागते, म्हणजे थर किती इंचाचा टाकायचा. फोटोत ती दिसत नाही, कारण ती अजून अस्तित्वातच नाहीये, ती आपण ठरवायची असते.

आपल्याकडे खडी, वाळू, मुरूम सगळं ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत एक फुटाचा थर. मीटरमध्ये सांगायचं तर २.८३ घनमीटर. बस, एवढीच एक व्याख्या लक्षात ठेवा, पुढे सगळं ब्रासमध्येच बोलू.

आता वर म्हटलं त्याचं उत्तर. १२० बाय १० ची पट्टी आणि ४ इंचाचा थर घ्या. लांबी मोजताना ५ फुटांची चूक झाली, १२० च्या जागी १२५ निघाले, तर फरक पडतो १७ घनफुटांचा, म्हणजे ब्रासचा सहावा हिस्सा, ट्रॉलीत दिसणारही नाही. रुंदी एक फूट चुकली तर फरक ४० घनफूट, आता जरा जाणवतं. आणि जाडी फक्त एक इंच बदलली, ४ ची ५ झाली, तर फरक पडतो १०० घनफुटांचा, बरोबर एक ब्रास.

म्हणजे फोटोवर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, आणि जो लिहिलेलाच नाही त्यावर गाड्या ठरतात. माझ्या मते अशा फोटोला "दोन गाड्या" असं थेट उत्तर देणारा माणूस जाडी मनातल्या मनात ठरवून टाकतो आणि ती सांगत नाही, सगळे घोळ तिथून सुरू होतात.

तोंडी हिशोबाला एक सोपी गोष्ट: १२०० स्क्वेअर फुटावर एक इंच म्हणजे एक ब्रास. आपल्या १४५० वर एक इंच म्हणजे जवळजवळ सव्वा ब्रास.

## मग जाडी किती धरायची?

हे जमिनीवर अवलंबून आहे, आणि इथे फोटो पुन्हा कामाला येतो, फक्त रेघेकडे न बघता मातीकडे बघायचं.

रस्ता लालसर-पिवळट, कडक, गाडीच्या चाकोऱ्या अगदी पुसट, पाणी साचल्याच्या खुणा नाहीत, असं असेल तर खाली मुरूम किंवा कातळ आहे. तिथे वरून ३ ते ४ इंच खडी टाकून दाबली की काम होतं. पण आपल्या फोटोत माती काळी आहे, उन्हात भेगा पडल्यात आणि दोन खोल चाकोऱ्या आहेत. काळी माती पावसात फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते, उन्हात आकसते. तिच्यावर नुसती खडी टाकली तर पहिल्या पावसात चाकाखालची खडी मातीत घुसते आणि माती वर येते. दोन पावसाळ्यांनी खडी दिसत नाही, लोक म्हणतात खडी कुणी चोरली की काय. चोरली नाही, ती खाली आहे, खोदून बघा, सापडेल.

म्हणून काळ्या मातीवर मधे एक थर लागतो, जो वजन पसरवतो आणि खडी-माती वेगळी ठेवतो. आपल्याकडे त्यासाठी मुरूम वापरतात. वरची गवत-मुळांची मऊ माती काढून टाकायची, मुरूम दाबल्यावर ६ इंच भरेल इतका टाकायचा, आणि त्यावर ४ इंच खडी. रोज ट्रॅक्टर किंवा मालाची गाडी येणार असेल तर मुरूम अजून वाढवावा लागतो, नुसती कार आणि बाइक असेल तर एवढं चालून जातं. काही जण मधे जिओटेक्स्टाइल म्हणजे जाड कापड अंथरतात, ते चांगलंच आहे, त्याने खडी मातीत जात नाही, पण कापड वजन पेलत नाही हो, कापड टाकलं म्हणून मुरूम काढून टाकू नका.

चाकोऱ्या वेगळ्या मोजायच्या. दोन चाकोऱ्या, प्रत्येकी एक फूट रुंद, चार इंच खोल, १२० फूट लांब, म्हणजे ८० घनफूट. वरून बघताना काहीच वाटत नाही पण ही जवळजवळ एक ट्रॉली आहे आणि ती हिशोबात नसली की मुरूम शेवटच्या वीस फुटांत संपतो, नेमका घरासमोर.

कुठली खडी हेही बोलून घेऊ. नुसती एका मापाची २० एमएम खडी दिसायला छान पण चाकाखाली पळते, एकमेकांत बसत नाही, बाइकवाल्यांना तर फारच त्रास. त्यापेक्षा खडीच्या थराला मिक्स माल घ्या, ज्यात मोठ्या खडीपासून कचपर्यंत सगळं असतं, रोडच्या कामावरचे लोक त्याला जीएसबी म्हणतात. मोठ्या खड्यांच्या फटीत बारीक माल बसतो आणि दाबल्यावर थर एकजीव होतो. दिसण्यासाठी म्हणून वर इंचभर बारीक खडी हवी असेल तर ती ४ इंचांतच धरा.

## दाबल्यावर माल कमी होतो, मग पैसे कुठे गेले?

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. गाडीत आलेला माल सैल असतो. डब्यात पोहे काठोकाठ भरून डबा दोनदा ओट्यावर आपटला की पोहे चार बोटं खाली जातात, तसंच हे. रोलर फिरला की मिक्स खडी साधारण पाचवा हिस्सा खाली बसते, मुरूम पाणी मारून दाबला तर चौथा हिस्सासुद्धा. नुसती एका मापाची खडी त्यापेक्षा कमी बसते.

म्हणजे आपल्याला ४ इंच दाबलेला थर हवा असेल तर सैल माल ५ इंच पसरावा लागतो. आणि इथे गणितात एक बारकावा आहे. माल २० टक्के बसतो म्हणून २० टक्के जास्त मागवला तर कमी पडतो, कारण तो २० टक्के जास्तीचा मालही बसणारच आहे. लागेल त्या मापाला ०.८ ने भागायचं, म्हणजे २५ टक्के जास्त येतं. मुरूम चौथा हिस्सा बसतो तर ०.७५ ने भागायचं.

आपल्या रस्त्याचा हिशोब:

मुरूम: १४५० × अर्धा फूट = ७२५ घनफूट. त्यात चाकोऱ्यांचे ८० मिळवले, ८०५. भागिले ०.७५ = १०७३ घनफूट, म्हणजे १०.७ ब्रास.

खडी: १४५० × एक तृतीयांश फूट = ४८३ घनफूट. भागिले ०.८ = ६०४ घनफूट, म्हणजे ६ ब्रास.

दोन्ही मिळून सतरा ब्रासच्या घरात. आता काकांचं गणित आठवा, १२० गुणिले १० गुणिले ४ इंच, ४ ब्रास, एक मोठी गाडी. गुणाकार त्यांचाही बरोबर होता. फक्त त्यात गेटचं तोंड नव्हतं, घरासमोरची जागा नव्हती, दाबणं नव्हतं आणि मुरूम तर नव्हताच.

## पण "गाडी" म्हणजे किती ब्रास?

सतरा ब्रास म्हणजे किती गाड्या हे गाडीवर आहे, आणि गाडी या शब्दाला काही अर्थ नाही जोपर्यंत हौद्याचं माप कळत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास येतो. सहा चाकी डंपरमध्ये अडीचच्या आसपास. दहा चाकी, ज्याला सरसकट हायवा म्हणतात (कंपनी कुठलीही असो), त्यात चारच्या आसपास. पण हे अंदाज, हौदा मोजणं हाच खरा उपाय, आणि ते दोन मिनिटांचं काम आहे.

गाडी आली की खाली करायच्या आधी टेप घेऊन हौद्याची आतली लांबी, आतली रुंदी आणि मालाची उंची मोजा. उंची मोजताना मधल्या ढिगाची घेऊ नका, तो फसवा असतो, मधे डोंगर आणि कोपऱ्यात खड्डे. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी माल हौद्याच्या काठापासून किती खाली-वर आहे ते बघून सरासरी काढा. दहा चाकीचा हौदा आतून १६ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि माल साडेतीन फूट भरला तर ४२० घनफूट, ४.२ ब्रास. सहा चाकीचा १४ फूट, साडेसात फूट, अडीच फूट, तर २६२ घनफूट, २.६ ब्रास.

क्रशरवर काठोकाठ दिसलेला माल तुमच्या दारात दोन-चार इंच खाली दिसतो, कारण रस्त्यातल्या धक्क्यांनी तो बसतो. ही चोरी नाही. एवढंच ठरवून घ्या की माप क्रशरवर धरायचं की दारात, आणि ते गाडी निघायच्या आधी फोनवर ठरवा, गाडी दारात आल्यावर भांडून उपयोग नाही.

"सहा ब्रासची गाडी देतो" असं कोणी दहा चाकीबद्दल म्हणालं तर वजनावरून तपासा. सैल खडीचा एक ब्रास साधारण सव्वाचार टन भरतो. सहा ब्रास म्हणजे साडेपंचवीस टन माल. आणि २०१८ च्या नव्या नियमानंतरही दहा चाकी ट्रकची मर्यादा गाडीच्या वजनासकट २८.५ टन आहे, त्यात रिकामी गाडीच दहा-अकरा टनांची असते. म्हणजे नियमात बसून चार-सव्वाचार ब्रासच येतात. सहा आले असतील तर गाडी ओव्हरलोड आहे, आणि आले नसतील तर पावती खोटी आहे.

## ब्रासची भानगड नको, सरळ टनात घेतो की!

चालेल ना, उलट वजनकाट्याच्या पावतीत फसवणूक कमी. रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन दोन्ही त्याच दिवसाचं बघा, एवढंच. पण दोन गोष्टी. एक म्हणजे तुमची गरज घनफुटात निघते, त्यामुळे टनाचे ब्रास करावेच लागणार, सव्वाचारने भागा. दुसरी म्हणजे पाणी. मिक्स मालात कच असतो आणि कच पाणी धरून ठेवतो. अठरा टनांच्या गाडीत पाच टक्के पाणी असलं तर नऊशे किलोचे पैसे पाण्याला गेले. नुसत्या धुतलेल्या जाड खडीत हा प्रश्न फारसा नाही, ती पाणी धरत नाही.

आणि मापात घेतलं तर ओल्या कचचा उलटा घोळ आहे. किंचित ओला बारीक माल फुगतो, कणांमध्ये पाण्याचा पातळ थर बसतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात, वाळूच्या बाबतीत तर हा फुगवटा वीस-तीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून कच आणि वाळू मापात घेताना ओली असेल तर हौदा भरलेला दिसतो पण माल कमी असतो. हातात घेऊन मूठ दाबा, गोळा झाला आणि मोडला नाही तर माल ओला आहे.

## एवढं मोजण्यापेक्षा एक गाडी जास्तच मागवू

मुरमाच्या बाबतीत मी हो म्हणेन, उरला तर कुठेतरी खड्ड्यात जातो. खडीच्या बाबतीत नाही. उरलेला दीड ब्रास म्हणजे सहा टनांहून जास्त ढीग, तो अंगणात पडून राहतो, त्यात गवत येतं, पोरं खेळून पसरवतात, आणि परत कोणी घेत नाही. शिवाय जास्त माल आहे म्हणून लोक तो तिथेच पसरून टाकतात, मग घरासमोर ७ इंच आणि गेटशी ३, पाणी घराकडे वळतं. जास्तीच्या मालापेक्षा तो प्रकार महागात पडतो.

त्यापेक्षा टप्प्याने मागवा. आधी फक्त मुरूम. १०.७ ब्रास हवेत, दोन दहा चाकी म्हणजे ८.४ आणि एक सहा चाकी म्हणजे २.६, झाले ११. तो पसरा, मधे थोडा उंच आणि कडांना उतरता ठेवा, पाणी मारून रोलर फिरवा. मग दहा-बारा ठिकाणी पहार मारून किंवा छोटं भोक करून जाडी बघा. ६ इंच ठरलं होतं आणि ५ आलं असेल तर ते आत्ताच कळतं, आणि मुरूम अजून दीड-पावणेदोन ब्रास लागेल हेही कळतं. मुरूम कमी पडला म्हणून त्या जागी खडी भरणं म्हणजे महागाच्या मालाने स्वस्ताचं काम.

नंतर खडी. ६ ब्रास हवेत. दोन सहा चाकी मागवा, ५.२ होतात, पसरून बघा, आणि उरलेल्यासाठी एक ट्रॉली. इथे दहा चाकीचा मोह टाळा, भाडं प्रति ब्रास कमी पडतं हे खरं, पण भरलेली अठ्ठावीस टनांची गाडी तुमच्या नुकत्याच दाबलेल्या मुरमावरून मागे-पुढे करणार, तोंडाशी वळताना कडा मोडणार. हौदा वर उचलताना डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना हे गाडी आत घ्यायच्या आधी बघा, हौदा उभा राहिला की पार तारांना भिडू शकतो आणि असे जीव गेलेले आहेत. ड्रायव्हर हुशार असेल तर तो फाळका थोडाच उघडा ठेवून गाडी हळू पुढे घेतो आणि खडी पट्टीत पसरत जाते, तेवढीच फावड्याची मेहनत वाचते. त्याला आधीच सांगा, गाडी एका जागी पलटी केल्यावर सांगून काही होत नाही.

## गाडी खाली झाली आणि मोजायचं राहून गेलं, आता?

असं होतंच, आपण ऑफिसला आणि गाडी दुपारी दोनला. ढीग एकाच जागी असेल तर त्याचाही हिशोब लागतो, पक्का नाही पण फसवणूक पकडण्याइतका. ढिगाच्या तळाभोवती टेप किंवा दोरी फिरवून घेर मोजा. ढिगाच्या टोकाची उंची मोजा, एक काठी उभी धरायची आणि टोकापासून तिच्यापर्यंत आडवी दोरी ताणायची. मग घेर गुणिले घेर गुणिले उंची, भागिले ३८. घेर ५० फूट आणि उंची साडेपाच फूट असेल तर २५०० × ५.५ ÷ ३८ म्हणजे ३६२ घनफूट, ३.६ ब्रास. पावतीवर ४.२ असेल तर गप्प बसा, ढीग पूर्ण गोल नसतो आणि एवढा फरक या पद्धतीत येतोच. पावतीवर ६ असेल तर फोन लावा, आणि फोन लावायच्या आधी ढिगाचा फोटो काढा, बाजूला टेप ताणून धरलेली असू दे आणि आकडे वाचता येऊ देत.